पेशीय वार्धक्य

पेशी जिवंत असते, अन्न घेते, पण वाढीचे संकेत मिळूनही पुन्हा विभागत नाही. या कायमच्या थांबण्याला पेशीय वार्धक्य म्हणतात. प्रयोगशाळेत ‘सेनेसन्स’ हाच शब्द रुळला आहे. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले, की माणसाच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेच्या बशीत साधारण ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात. दर विभाजनात गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर झिजते, हे त्याचे कारण पुढे कळले. मात्र टेलोमिअर शाबूत असतानाही पेशी थांबू शकते: डीएनए तुटला तर, किंवा कर्करोगाकडे ढकलणारे जनुक चालू झाले तर.

अंगावरचा तीळ हे या शेवटच्या कारणाचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. पुष्कळ तिळांच्या रंगपेशींत ब्राफ जनुकाचा तोच बदल सापडतो, जो मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात अनेकदा असतो. पेशी काही काळ विभागतात, ठिपका दिसू लागतो, मग पी१६ हे प्रथिन वाढून विभाजन रोखते आणि तीळ वर्षानुवर्षे तेवढाच राहतो.

समजा, मिरजेत असा तीळ काढला. नेहमीच्या रिवाजाने तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो, मग मेणाच्या ठोकळ्यात. तिथे थांबलेल्या पेशी ओळखायला १९९५ पासून वापरात असलेला निळा रंग उपयोगाचा नाही. त्या चाचणीत लायसोसोममधल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचे काम पाहतात आणि मेणाच्या प्रक्रियेत ते मरते. त्यासाठी तुकडा ताजा गोठवावा लागतो; मेणावर पी१६ चे प्रतिपिंड लावतात. तेही तिळात ठिपक्याठिपक्यांनी उमटते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. विभागणाऱ्या पेशींत दिसणारे केआय-६७ हे प्रथिन नाही ना, हे सोबत तपासावे.

बशीतल्या पेशींवर निळा रंग चालतो, पण पीएच नेमका ६ हवा. हा विकर सगळ्याच पेशींत असतो आणि पीएच ४ च्या आसपास जोमाने काम करतो. ६ वर मात्र ज्यांत तो खूप साचला आहे अशा थांबलेल्या पेशीच निळ्या होतात. बशी सवयीने कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली, तर द्रावण आंबट होऊन तरुण पेशीही निळ्या दिसतात. ती ३७ अंशांवर, साध्या हवेत ठेवावी. सोबत तरुण पेशींची बशी असेल तर ही चूक लगेच पकडता येते. फार दाटीने वाढलेल्या पेशीही उगाच निळ्या होतात.

थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती इंटरल्यूकिन-६ सारखे दाह वाढवणारे पदार्थ आणि कोलॅजन कापणारी विकरे सोडते. तरुणपणी या हाकेने प्रतिकारपेशी येऊन तिला उचलून नेतात. वय वाढते तशा अशा पेशी साचतात, ऊती बिघडते आणि तोच दाह शेजारच्या गाठीला पोसूही शकतो. २०११ मध्ये लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांतून पी१६ असलेल्या पेशी काढून टाकल्यावर मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली. आयुष्य मात्र फारसे वाढले नाही.