बडबडगीत-रचनेचे खेळ

ताल, यमक आणि निरर्थक शब्द यांच्याशी खेळत मुलांना स्वतःची कडवी रचायला लावणारे तोंडी व लेखी खेळ. पारंपरिक मराठी बडबडगीते ही त्यांची मुख्य सामग्री. गीत पाठ करून घेणे आणि त्याची घडण मुलांच्या हाती देणे यांत मोठा फरक आहे. ही नोंद दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

सुरुवात टाळीने होते. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ या प्रत्येक ओळीत चार टाळ्या बसतात: ये रे / ये रे / पाव / सा, तुला / देतो / पै / सा. पहिल्या ओळीत सात अक्षरे आहेत, दुसरीत सहा, तरी म्हणताना दोन्ही सारख्याच भरतात, कारण आवाज लांबवून टाळी भरून काढता येते. म्हणून लहान मुलांना अक्षरे मोजायला लावू नयेत. ओळ जास्त लांब झाली की टाळी आणि जीभ यांची गाठ चुकते आणि मूल स्वतःच अडखळते. चूक कळायला तेवढे पुरते.

निरर्थक शब्दांचा खेळ त्याहून रंजक आहे, आणि त्यात एक ठरावीक रीत दिसते. अडगुलं मडगुलं, अटक मटक, आपडी थापडी, इरिंग मिरिंग, ऐलमा पैलमा: या जोड्यांत पहिला शब्द स्वराने सुरू होतो आणि दुसऱ्याला पुढे एक व्यंजन चिकटते. ओळ संपते ती बहुधा ओळखीच्या वस्तूवर. ‘आपडी थापडी, गुळाची पापडी’ ही ओळ उलटीकडून वाचली तर कृती हाती येते. पापडीतला ‘प’ काढला की आपडी, त्याला ‘थ’ लावला की थापडी. मुलांना म्हणून शेवटचा शब्द आधी निवडायला सांगावे. ‘दप्तर’ घेतले तर अप्तर, मग चप्तर आणि ओळ तयार: ‘अप्तर चप्तर, ताईचं दप्तर’. टाळ्याही चारच.

दोन ओळींवरून चारवर जाताना मात्र खेळ हमखास अडतो. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे मुलांच्या ओळी ‘आली, गेली, झाली, खाल्ली’ अशा संपतात. ऐकायला यमक वाटते, पण तो केवळ प्रत्ययाचा सारखेपणा असतो. त्याची परीक्षा सोपी आहे: प्रत्ययावर बोट ठेवायचे आणि उरलेले म्हणून पाहायचे. ‘बसलं–हसलं’ मधून ‘लं’ झाकले तर बस–हस उरते, म्हणजे यमक खरे. ‘आली–गेली’ मधून ‘ली’ झाकले तर काहीच जुळत नाही.

यावरचा उपाय पावसाच्याच गाण्यात आहे. बोलताना आपण ‘पैसा खोटा झाला, मोठा पाऊस आला’ असे म्हणू. गाणे म्हणते, ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा’. क्रियापद आत सरकले आणि शेवटची जागा मोकळी झाली. इथे ‘ट’ आणि ‘ठ’ वेगळे आहेत, पण परंपरेने एवढी सूट दिली आहे. ती मुलांनाही द्यावी.

हाच साचा घेऊन एक कडवे असे घडते. ‘मांजरी’ला ‘बाजरी’ जुळते, म्हणून पहिल्या दोन ओळी ‘ये गं ये गं मांजरी, तुला देते बाजरी’. पुढे सहज सुचते ते ‘मांजर घरात आली, बाजरी खाऊन गेली’. बोटाच्या परीक्षेत ते नापास होते. आता शेवटाला नामांची जोडी शोधायची: खडा–घडा. मग ‘बाजरीत होता खडा, मांजर फोडून गेली घडा’. यमक शोधताना गोष्टही बदलली. बाजरीत खडा निघाला आणि मांजर रागावली, हे आधी कुणाच्या मनात नव्हते. या खेळाचे खरे फळ मला तरी हेच वाटते.

यमक कानाने ठरवावे, डोळ्याने नव्हे. ‘राजा’ आणि ‘ताजा’ लिहायला जुळतात, पण बोलताना त्यांतले ‘ज’ वेगळे आहेत. मुलाच्या घरच्या बोलीत एखादी जोडी जुळत असेल तर ती प्रमाण लेखनासाठी मोडू नये. शुद्धलेखन कडवे पूर्ण झाल्यावर पाहावे. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांच्या ओळी मोठ्यांनी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात.

चार टाळ्या अंगवळणी पडल्यावर मोठ्या मुलांना अष्टाक्षरीकडे नेता येते. तिथे आवाज लांबवून चालत नाही. प्रत्येक ओळीत आठच अक्षरे हवीत आणि जोडाक्षर एकच धरायचे. ‘बाजरीत होता खडा’ त्यात जशीच्या तशी बसते. ‘मांजर फोडून गेली घडा’ दहा अक्षरांची आहे, तिला ‘मांजर फोडते घडा’ असे छाटावे लागते.