लाटेखालचं पाणी : वर्तुळ मिटतं की नाही?

खडकवासल्याच्या चौपाटीवर कुणीतरी कणसाचं साल पाण्यात टाकलं असेल तर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहावं. लाटा काठाकडे धावत येतात, पण साल त्यांच्याबरोबर येत नाही. माथा आला की ते वर उचललं जाऊन पुढे सरकतं आणि दोन माथ्यांमधला खळगा आला की खाली जाऊन मागे येतं. म्हणजे ते एक उभं वर्तुळ काढतं. पुढे जाते ती लाट, पाणी जवळपास जागेवरच फिरतं.

हे वर्तुळ गणितात पहिल्यांदा मांडलं प्रागच्या फ्रांटिशेक गेर्स्टनरने, 1802 च्या सुमारास. त्याला लाटांचं कुतूहल होतंच, पण त्याच लेखनात त्याने बांधांच्या उताराचा आकार कसा असावा हेही काढलं होतं. त्याच्या उत्तरात पाण्याचा प्रत्येक कण अगदी बंद वर्तुळात फिरतो आणि खोलीबरोबर वर्तुळाची त्रिज्या भराभर घटत जाते. 1825 साली एर्न्स्ट आणि विल्हेल्म या वेबर बंधूंनी काचेच्या भिंतींच्या अरुंद टाकीत लाटा उठवल्या आणि पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या वाटा डोळ्यांनी पाहिल्या. 1839 मध्ये जॉर्ज ग्रीनने, लाटा लहान असतील तर खोल पाण्यातली वाट वर्तुळच असते, हे वेगळ्या रीतीने सिद्ध केलं.

हालचाल खाली का विरते, हे समजून घेण्यासारखं आहे. माथ्याखाली दाब थोडा जास्त असतो, खळग्याखाली थोडा कमी. पृष्ठभागाजवळच्या कणाला फक्त डोक्यावरचा माथा जाणवतो. जसजसं खाली जावं तसतसे शेजारचे माथे आणि खळगे सारख्याच अंतरावर असल्यासारखे होतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. म्हणून ‘खोल’ कशाला म्हणायचं हे लाटेच्या उंचीवर ठरत नाही, ते लांबीवर, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतरावर ठरतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते. उंच लाट वर जास्त हलवते हे खरं, पण लांबी तीच असेल तर विरण्याचं प्रमाण तेच राहतं. लांबीच्या साधारण नवव्या भागाइतकं खाली गेलं की वर्तुळ निम्मं होतं, तेवढंच आणखी खाली गेलं की त्याच्याही निम्मं.

आता तलावावरची लाट घेऊ. दीड सेकंदाला एक माथा येत असेल तर खोल पाण्यात तिची लांबी साडेतीन मीटर भरते. उंची 10 सेंटिमीटर धरली, तर वर साल 10 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढेल. सुमारे 40 सेंटिमीटर खाली ते 5 सेंटिमीटरचं होतं आणि पावणेदोन मीटरवर, म्हणजे अर्ध्या लांबीवर, जेमतेम 4 मिलिमीटर उरतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे ती आणखी लवकर संपते: 40 सेंटिमीटरवर पाव, पावणेदोन मीटरवर पाचशेव्या भागाच्याही आसपास. हीच लाट समुद्रात 8 सेकंदांची असती तर लांबी 100 मीटर झाली असती आणि तेवढंच विरायला 50 मीटर खाली जावं लागलं असतं.

एक प्रश्न मात्र राहिला होता. साल खरंच जागेवर परत येतं का? 1847 मध्ये जॉर्ज स्टोक्सने दाखवलं की पूर्ण परत येत नाही. कण वरच्या अर्ध्या फेरीत पुढे जातो, तेव्हा तो पृष्ठभागाच्या जवळ असतो आणि तिथे वेग जास्त. मागे येताना तो खाली असतो, तिथे वेग कमी. शिवाय पुढे जाताना तो लाटेच्याच दिशेने जात असल्याने माथ्याखाली जरा जास्त वेळ राहतो. त्यामुळे वर्तुळ मिटत नाही आणि दर फेरीला थोडी आघाडी उरते. आपल्या तलावाच्या लाटेत ती दर लाटेला सुमारे 3 सेंटिमीटर येते. साल त्याहून वेगाने सरकताना दिसलं, तर ते वाऱ्याचं काम.

मग गेर्स्टनर चुकला का? त्याचं समीकरण आजही अचूक उत्तर देतं, पण त्यातल्या पाण्याला आधीपासून स्वतःचा भोवरा असावा लागतो, आणि तो भोवराच ही आघाडी खोडतो. शांत पाण्यात उठलेल्या साध्या लाटेत तसा भोवरा नसतो, म्हणून तलावाकाठी स्टोक्सचं उत्तर जास्त जुळतं.

हे सगळं काठापासून दूरचं. पाण्याची खोली लाटेच्या अर्ध्या लांबीहून कमी झाली की वर्तुळं चपटी होतात आणि तळाशी पाणी नुसतं पुढेमागे घासतं. शेवटी लाट फुटते आणि तिची ऊर्जा उतारावर आदळते. मातीच्या धरणांच्या पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेला थर, देतात तो याच माऱ्यासाठी. एका पातळीला लाटेचा मारा थोड्याच उंचीच्या पट्ट्यावर बसतो, पण पावसाळ्यानंतरच्या भरलेल्या धरणापासून मे महिन्यापर्यंत पाणी खाली उतरत जातं आणि तो पट्टाही त्याच्याबरोबर उतरतो. त्यामुळे पिचिंग पार खालपर्यंत न्यावं लागतं.