दहावा मणी मावत नाही तेव्हा

ॲबॅकसच्या चौकटीत उभ्या दांड्या असतात आणि त्या सगळ्यांना छेदून जाणारी एक आडवी पट्टी. पट्टीच्या वर प्रत्येक दांडीवर एक मणी, खाली चार. ही जपानी रचना, तिचं नाव सोरोबान. आपल्याकडे ॲबॅकसच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या हातात दिसते ती हीच. खालच्या प्रत्येक मण्याची किंमत एक आणि वरच्या मण्याची पाच. पट्टीला टेकलेला मणी मोजायचा, पट्टीपासून दूर असलेला मोजायचा नाही.

सर्वात उजवीकडची दांडी एककाची धरली तर तिच्या डावीकडे दशक आणि त्याच्याही डावीकडे शतक. मण्यांवर कुठेच अंक लिहिलेले नसतात. दशकाच्या दांडीवरचा मणी दहाचा ठरतो तो केवळ त्याच्या जागेमुळे. दशकाची दांडी मोकळी असेल तर तिथे शून्य आहे.

एका दांडीवर जास्तीत जास्त किती दाखवता येतं? वरचा पाच आणि खालचे चार, एकूण ९. दहा दाखवायला मणीच नाही. ही मला या साधनातली सर्वात हुशारीची गोष्ट वाटते. चिनी पाटीवर, म्हणजे सुआनपानवर, वर दोन आणि खाली पाच मणी असतात. तिथे एकाच दांडीवर १५ पर्यंत मावतात, त्यामुळे दहा ही संख्या एकाहून अधिक प्रकारे मांडता येते. सोरोबानवर प्रत्येक संख्येची मांडणी एकच. हातचा घ्यायचा की नाही, याचा विचार वेगळा करावाच लागत नाही. मणी संपले की तो घ्यावाच लागतो.

आता २७८ मध्ये १५६ मिळवून बघू. आधी पाटी साफ करायची. चौकट आपल्याकडे तिरकी केली की सगळे मणी खाली घसरतात. मग ती सपाट ठेवून पट्टीच्या वरच्या कडेने बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं की वरचे मणी पट्टीपासून दूर होतात. पाटीवर शून्य आलं.

२७८ मांडू. शतकावर खालचे दोन मणी वर. दशकावर सात, म्हणजे वरचा मणी खाली आणि खालचे दोन वर. एककावर आठ, म्हणजे वरचा मणी खाली आणि खालचे तीन वर. खालचे मणी अंगठ्याने वर ढकलतात. ते परत खाली आणायला आणि वरचा मणी हलवायला तर्जनी.

आता १५६, डावीकडून. शतकात एक मिळवायचा: दोनाचे तीन, सोपं काम. दशकात पाच मिळवायचे आहेत, पण पाचाचा मणी आधीच वापरात आहे. खालचे दोनच मणी शिल्लक. मग पाच मिळवण्याऐवजी दहा मिळवायचे आणि पाच काढायचे. दहा दशक म्हणजे एक शतक, म्हणून शतकावर एक मणी वर (तीनाचे चार झाले) आणि दशकावरचा पाचाचा मणी बाजूला. दशकावर उरले दोन.

एककावर आठ आहेत, त्यात सहा मिळवायचे. वर लावायला खालचा एकच मणी मोकळा आहे. म्हणून पुन्हा तीच युक्ती: सहा मिळवणं म्हणजे दहा मिळवून चार काढणं. पण इथे गंमत अशी की चार सरळ काढताही येत नाहीत, कारण खालचे तीनच मणी लागलेले आहेत. मग चार काढण्याऐवजी पाच काढायचे आणि एक परत द्यायचा. पाचाचा मणी वर सारला, खालचा एक मणी वर लावला: एककावर चार. दशकावर हातच्याचा एक: दोनाचे तीन. पाटी वाचा: ४३४.

मण्यांची सगळी बेरीज या दोनच युक्त्यांवर चालते. पाचाला पूरक संख्या: एकाला चार, दोनाला तीन. दहाला पूरक संख्या: एकाला नऊ, दोनाला आठ, तीनाला सात, चाराला सहा, पाचाला पाच. क्लासमध्ये यांना छोटे मित्र आणि मोठे मित्र म्हणतात. आठ अधिक सहा चौदा हे पाठ असण्याची गरजच पडत नाही. सहाचा मोठा मित्र चार, एवढं बोटांना माहीत असलं की झालं.

डावीकडून सुरुवात का, असा प्रश्न कागदावर बेरीज शिकलेल्या प्रत्येकाला पडतो. कागदावर आधी शतक लिहिलं आणि मागून हातचा आला तर खाडाखोड करावी लागते, म्हणून आपण एककापासून निघतो. मण्यांना खाडाखोड नसते. तीनाचे चार करायला एक मणी सरकवला की पुरे. शिवाय संख्या आपण शतकापासूनच उच्चारतो. कोणी "एकशे छप्पन्न" म्हणत असतानाच शतकाचं काम संपलेलं असतं आणि संख्या बोलून होते तेव्हा बेरीजही झालेली असते. संख्या मांडणं आणि मिळवणं या दोन वेगळ्या क्रिया उरत नाहीत.

१२ नोव्हेंबर १९४६ रोजी टोकियोत झालेल्या एका सामन्यात याचा प्रत्यय आला. जपानी टपाल खात्यातले कियोशी मात्सुझाकी सोरोबान घेऊन बसले आणि अमेरिकी सैन्यातले थॉमस वूड विजेवर चालणारं गणकयंत्र घेऊन. बेरजेला तीन ते सहा अंकी ५० संख्या होत्या. मात्सुझाकींना सुमारे सव्वा मिनिट लागलं, यंत्राला सुमारे दोन. पूर्ण सामना सोरोबानने ४–१ असा जिंकला. यंत्र जिंकलं ते फक्त गुणाकारात.

पाटीची खरी अडचण वेगळी आहे. ती फक्त उत्तर दाखवते. २७८ आणि १५६ दोन्ही त्यात विरून गेलेले असतात. चूक कुठे झाली हे मागे जाऊन बघता येत नाही. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे चार काढले पण हातच्याचा मणी लावायचा राहिला. मग उत्तर ४२४ येतं, बरोबर दहाने कमी. ही चूक अंकांच्या बेरजेने पकडता येते. २७८ चे अंक मिळवत गेलं तर १७ आणि मग ८. १५६ चे १२ आणि मग ३. आठ आणि तीन ११, म्हणजे २. उत्तराच्या अंकांचीही बेरीज शेवटी २ यायला हवी. ४३४ ची ११, म्हणजे २ येते. ४२४ ची येते १०, म्हणजे १. चूक सापडली.

पण हातच्याचा मणी चुकून शेजारच्या शतकाच्या दांडीवर लागला तर? शतकावर चार मणी आधीच वर आहेत, म्हणून ते खाली जातात, पाचाचा मणी येतो, आणि पाटीवर ५२४ उमटतं. त्याच्या अंकांची बेरीज ११, म्हणजे पुन्हा २. ही परीक्षा मण्याची जागा बघतच नाही, म्हणून जागेची चूक तिला दिसत नाही. तिथे अंदाज कामी येतो: पावणेतीनशे आणि दीडशे मिळून सव्वाचारशेच्या आसपास, सव्वापाचशे नक्कीच नाही. किंवा उत्तरातून १५६ परत वजा करायचे. ४३४ मधून केले तर पाटीवर २७८ परत येतात. ५२४ मधून केले तर ३६८ उरतात, म्हणजे ९० जास्त. शंभर वजा दहा नव्वद, म्हणजे दहाचा मणी शंभराच्या दांडीवर गेला होता.