वाढीची जागा असलेला बूट आणि मोठ्या मापाचा बूट

बाळ धरून धरून चालायला लागलं की घरात बुटांचा विषय निघतो, आणि दुकानात कुणीतरी म्हणतंच, "वाढत्या अंगाचा घ्या, पाय काय भराभर वाढतो!" पाय भराभर वाढतो हे अगदी खरं. पहिल्या वाढदिवसानंतर तो महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर लांब होतो. म्हणून बुटात वाढीची जागा हवीच. पण वाढीची जागा असलेला बूट वेगळा आणि मोठ्या मापाचा बूट वेगळा. फ्रॉक मोठा झाला तर बाही दुमडता येते, बुटाचं तसं नसतं.

समजा बाळाचा पाय टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत 12 सेंटीमीटर आहे. त्यापुढे साधारण 12 मिलिमीटर मोकळी जागा पुरे, म्हणजे बूट आतून 13.2 सेंटीमीटर हवा. युरोपीय मापात हा ढोबळमानाने 20 नंबर होतो. त्या मापात प्रत्येक नंबरला आतली लांबी सुमारे पावणेसात मिलिमीटरनी वाढते. "अजून दोन नंबर मोठा घ्या, वर्षभर चालेल" असं म्हणून 22 नंबर घेतला, तर बोटांपुढे अडीच सेंटीमीटर रिकामे राहतात. पायाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त!

या रिकाम्या जागेचा त्रास पुढे होतो तसाच मधेही होतो. पाऊल उचलताना पाय बोटांच्या मुळाशी वाकतो, आणि चांगला बूटही तिथेच वाकतो. मोठ्या बुटाची वाकण्याची जागा बोटांच्या मुळापुढे सरकते. मग बाळ वाकवायला बघतं एकीकडे आणि बूट वाकतो भलतीकडे. टाच मागून निसटते, बूट पायात राहावा म्हणून बाळ बोटं आवळून धरतं आणि पुढच्या टोकाला अडखळतं. अनवाणी नीट चालणारं मूल बुटात सारखं पडत असेल, तर आधी बूट तपासा.

दुकानात लवचिकपणा पाहायचा तो असा: बुटाचं टोक आणि टाच धरून हलकेच दाबा. तो पुढच्या भागात सहज वाकला पाहिजे. बरोबर मध्यावर मोडत असेल किंवा वाकतच नसेल तर ठेवून द्या. चूं-चूं वाजणारे बूट मुलांना फार आवडतात, पण त्यांचा टाचेचा भाग बहुधा जाड आणि जड असतो, तोही हातात घेऊन बघा. तळव्याला कमान यावी म्हणून आत उंचवटा असलेला बूट शोधायची गरज नाही. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे पाय सपाटच दिसतो. कमान पुढच्या काही वर्षांत आपोआप दिसू लागते.

माप घरीच घ्या, संध्याकाळी. भिंतीला कागद लावून जमिनीवर पसरा, बाळाला टाच भिंतीला टेकवून उभं करा आणि सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. उभं राहूनच माप घ्यायचं, कारण वजन पडलं की पाय पसरतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. बुटावरून अंगठा दाबून बोटं चाचपण्यावर विसंबू नका. दाब जाणवला की मुलं बोटं आत ओढून घेतात आणि जागा आहे असंच वाटतं. बुटातला तळाचा सुटा पट्टा निघत असेल तर तो बाहेर काढून बाळाला त्यावर उभं करा, म्हणजे पुढची जागा आणि बाजूने पाय बाहेर येतो का, दोन्ही दिसेल. निघत नसेल तर बाळाच्या पायाहून 12 मिलिमीटर लांब पुठ्ठ्याची पट्टी बुटात सरकवून बघा. पायाला रुंद बूट हवा असेल तर लांब बूट घेऊन काम भागत नाही. वर वेल्क्रोचा पट्टा असला की फुगीर पायालाही बूट घट्ट बसवता येतो.

घरात मात्र बूट नकोतच. अनवाणी पायाला फरशीचा गारवा, चटईचा खरखरीतपणा, उंबऱ्याची उंची कळते, आणि बोटं पसरून तोल सावरायला शिकतात. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घातले तर पाय सटकतो, म्हणून थंडीत तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे बरे. परदेशातल्या गार फरशीवरही तेच. बूट लागतात ते रस्त्यावर, खडीवर, तापलेल्या गच्चीवर.

दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. बोटांपुढे पाच-सहा मिलिमीटरच उरले, किंवा बूट काढल्यावर बोटांवर लाल वळ दिसले, की तो बूट गेला. बाळ तक्रार करेल अशी वाट बघू नका: त्याची हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात, आणि चिमटलेला पाय बाळ रडल्याशिवायही वाकडा बसवून घेतं.