फुफ्फुसाच्या कर्करोगाची दोन गटांत विभागणी कशी झाली?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे आज ‘स्मॉल सेल’ आणि ‘नॉन-स्मॉल सेल’ असे दोन मुख्य गट मानले जातात. ही विभागणी सूक्ष्मदर्शकाखालील पेशींवरून सुरू झाली असली, तरी ती पक्की झाली उपचारांच्या अनुभवातून. छातीच्या मध्यभागी लहान, गर्द पेशींच्या गाठी होणारा एक आजार पूर्वी वेगळाच, सार्कोमा म्हणजे हाडे-स्नायूंसारख्या ऊतींत होणाऱ्या कर्करोगाच्या प्रकारातला समजला जाई. तो मुळात फुफ्फुसाचाच कर्करोग आहे, हे ब्रिटिश डॉक्टर बर्नार्ड यांनी 1926 मध्ये दाखवून दिले. पुढे 1933 मध्ये अमेरिकेत इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी एका रुग्णाचे संपूर्ण फुफ्फुस काढले. त्याला स्क्वॅमस सेल, म्हणजे चपट्या पेशींच्या प्रकारचा कर्करोग होता आणि तो त्यानंतर सुमारे 30 वर्षे जगला. साहजिकच शस्त्रक्रियेबद्दल मोठी आशा निर्माण झाली.

स्मॉल सेल प्रकारात मात्र ती आशा टिकली नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या गटातील रुग्ण सरासरी 199 दिवस जगले, तर किरणोपचार दिलेले 300 दिवस. कारण उघड होते: निदानाच्या वेळी छातीत एकच गाठ दिसत असली, तरी पेशी बहुधा रक्तावाटे यकृत, हाडे किंवा मेंदूपर्यंत आधीच पोहोचलेल्या असत. त्यामुळे या प्रकारात केमोथेरपी मुख्य उपचार ठरली. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस सेल आणि लार्ज सेल हे प्रकार आपसांत बरेच वेगळे असूनही, लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने बरे होऊ शकतात, म्हणून ‘नॉन-स्मॉल सेल’ या एका नावाखाली आले. एकूण रुग्णांपैकी सुमारे 85 टक्के याच गटातील असतात.

दोन्ही गटांत लक्षणे उशिरा दिसतात. फुफ्फुसाच्या आतल्या ऊतीला वेदना जाणवत नाही. गाठ छातीच्या भिंतीलगतच्या आवरणाला भिडली, तरच दुखते. शिवाय एका पेशीपासून एक सेंटीमीटरची गाठ होईपर्यंत पेशींची संख्या साधारण 30 वेळा दुप्पट झालेली असते. कडेच्या भागात वाढणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा एवढा झाला, तरी बहुधा ना खोकला येतो, ना धाप लागते. श्वासनलिकेजवळची गाठ खोकला आणते खरी, पण धूम्रपान करणाऱ्याला तो नेहमीचाच वाटतो.

एक सेंटीमीटरची गाठ दोन सेंटीमीटरची व्हायला आकारमान आठपट, म्हणजे तीनदा दुप्पट व्हावे लागते. दुपटीला चार महिने लागत असतील, तर त्यात एक वर्ष जाते. एकच महिना लागत असेल, तर तीन महिने पुरतात. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांची दरवर्षी कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने तपासणी केल्यावर या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2011 मध्ये अमेरिकेत दिसून आले. तो लाभ मुख्यतः नॉन-स्मॉल सेल गटाला मिळतो, कारण वेगाने वाढणारा स्मॉल सेल कर्करोग अनेकदा दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच उद्भवून पसरलेला असतो.