प्रॉम्प्टमधले बाण आणि रिकामे चौकोन

निळ्या पट्टीत फोल्डरचं नाव, पुढे हिरव्या पट्टीत गिटची ब्रँच आणि पट्ट्यांच्या मध्ये टोकदार बाण. असा प्रॉम्प्ट कुणाच्या तरी स्क्रीनवर बघून आपण हौसेने तीच थीम बसवतो, आणि बाणांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. थीम बिचारी निर्दोष असते.

टर्मिनल चित्रं काढत नाही, ते चौकटींत अक्षरं मांडतं. तो बाणसुद्धा एक अक्षरच आहे, क्रमांक U+E0B0, आकाराने भरीव त्रिकोण. त्रिकोणाला मागच्या पट्टीचा रंग द्यायचा आणि त्याच्या पार्श्वभूमीला पुढच्या पट्टीचा, की एक पट्टी दुसरीत घुसल्यासारखी दिसते. सगळी जादू एवढीच. बॅशमध्ये करून बघा:

```bash
PS1='\[\e[97;44m\] \w \[\e[34;49m\]'$'\ue0b0''\[\e[0m\] '
```

इथे 44 म्हणजे निळी पार्श्वभूमी, 34 म्हणजे निळं अक्षर आणि 49 म्हणजे टर्मिनलची मूळ पार्श्वभूमी. पुढे हिरवी पट्टी जोडायची असेल तर 49 ऐवजी 42. रंगांच्या संकेतांभोवतीचे `\[` आणि `\]` मात्र गाळू नका. नाहीतर बॅश ते संकेतही दिसणारी अक्षरं म्हणून मोजतं आणि लांब कमांड टाइप करताना ओळ स्वतःवरच चढते.

आता चौकोनांकडे. U+E000 ते U+F8FF या 6400 जागा युनिकोडने खासगी वापरासाठी सोडल्या आहेत. तिथे कोणतं चिन्ह असावं हे युनिकोड ठरवत नाही, त्यामुळे नेहमीच्या फॉन्टमध्ये आपला बाण बहुधा नसतोच. Nerd Fonts हा प्रकल्प प्रचलित फॉन्टमध्ये अशी हजारो चिन्हं भरून देतो. तुमच्या लिनक्सवर कोणत्या फॉन्टमध्ये बाण आहे ते असं कळतं:

```bash
fc-list ':charset=e0b0' family
```

उत्तर रिकामं आलं तर फॉन्ट `~/.local/share/fonts` मध्ये टाकून `fc-cache -f` चालवा. नाव दिसत असूनही चौकोन येत असेल, तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडायचा राहिलाय. एसएसएचवरून काम करणारे हमखास सर्व्हरवर फॉन्ट टाकत बसतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण अक्षर रंगवतं ते तुमच्या समोरचं टर्मिनल.

चौकोनाऐवजी `î` सारखी विचित्र अक्षरं उमटली तर फॉन्टच्या मागे लागू नका. बाणाचे तीन बाइट वेगवेगळी अक्षरं म्हणून वाचले जातायत. `locale` चालवून UTF-8 आहे का ते बघा, टर्मिनलचं एन्कोडिंगही तपासा.

बाण नीट, पण काही आयकॉन गायब, असंही होतं. 2023 मध्ये Nerd Fonts च्या तिसऱ्या आवृत्तीत मटेरियल डिझाइनचे आयकॉन नव्या क्रमांकांवर गेले. जुनी थीम आणि नवा फॉन्ट एकत्र आले की ती जुन्याच जागी शोधत राहते. अशा वेळी थीम अपडेट करावी. आणि आयकॉन अर्धवट कापला जात असेल तर त्याच फॉन्टचा नावाच्या शेवटी `Mono` असलेला प्रकार घ्या. त्यात आयकॉन एका चौकटीत मावतील एवढे लहान केलेले असतात. दिसायला जरा बारीक, पण कापले जात नाहीत.