पिवळं बाळ, निळा लाइट आणि नागपूरचं ऊन

नागपुरात नवजात बाळ पिवळं दिसलं की घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, अगं सकाळच्या कोवळ्या उन्हात धर ना त्याला, दोन दिवसात जाते कावीळ. आता गंमत अशी की उन्हात खरंच तो प्रकाश असतो जो कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्यावर, म्हणजे बिलिरुबिनवर काम करतो, पण तरी डॉक्टर ऊन सोडून निळ्या लाइटखालीच का ठेवतात?

आधी कावीळ होतेच का ते बघू. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून त्याच्या रक्तात लाल पेशी भरपूर असतात, आणि त्या जगतातही कमी, मोठ्यांच्या साधारण १२० दिवस तर बाळाच्या ७० ते ९० दिवस. पेशी फुटली की आतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन बनतं, पिवळं, आणि पाण्यात न विरघळणारं. ते बाहेर टाकायचं तर लिव्हरने त्याला आधी पाण्यात विरघळेल असं करायला हवं, पण त्यासाठी लागणारं एन्झाइम जन्मल्या जन्मल्या अगदीच थोडं असतं. त्यात दूध अजून नीट उतरलेलं नसतं, शी कमी होते, आणि आतड्यात पोचलेलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. म्हणून पिवळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असतो आणि मग लिव्हर कामाला लागलं की उतरतो. पहिल्या २४ तासातच बाळ पिवळं झालं तर मात्र ही साधी कावीळ नाही असंच धरायचं, बहुतेक वेळा आई-बाळाचा रक्तगट जुळत नसतो किंवा दुसऱ्या कशाने पेशी भराभर फुटत असतात.

माझ्या मामेबहिणीच्या बाळाचंच सांगतो. ३८ आठवड्यांचं, तिसऱ्या दिवशी छातीपर्यंत पिवळं. नर्सने कपाळावर एक छोटं मशीन टेकवलं, ते त्वचेत प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून बिलिरुबिनचा अंदाज देतं, सुई नाही काही नाही. आकडा आला १७. ज्या आकड्याला लाइट सुरू करतात त्या रेषेच्या इतक्या जवळ आकडा आला की रक्त तपासावंच लागतं, ते आलं १९ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर, आणि बाळ लाइटखाली गेलं. मामी म्हणे शेजारणीच्या नातवाचे पण १९च होते, त्याला तर घरीच ठेवलं! होऊ शकतं तसं, कारण ही रेषा सगळ्यांसाठी एक नाही, बाळ किती तासांचं आहे आणि किती आठवड्यांचं जन्मलं त्यावर ती ठरते. तो नातू ४० आठवड्यांचा अन् सहाव्या दिवसाचा होता. लहान वयात वाढलेला आकडा अजून चढणार असतो, आणि फारच चढला तर बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमचं नुकसान करतं.

आता लाइट. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा-हिरवट प्रकाश, अल्ट्राव्हायोलेट नाही. बिलिरुबिनचा रेणू मिटलेल्या छत्रीसारखा असतो, पाण्याशी जुळणारे भाग आत दडलेले. प्रकाश पडला की त्यातला एक बंध फिरतो आणि रेणू उघडतो, मग तो त्या एन्झाइमशिवायच पित्तातून जाऊ शकतो. थोड्या रेणूंची रचना कायमची बदलते, ते लघवीतूनही जातात. म्हणजे लाइट लिव्हरला बरं करत नाही, लिव्हर तयार होईपर्यंत दुसरी वाट काढून देतो. १९५६ च्या सुमारास इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या, तिथे एका बाळाचा झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग फिका दिसला, तिथून हे सगळं सुरू झालं.

म्हणजे प्रकाश पडेल तेवढ्याच त्वचेत काम होतं, आणि उन्हाचा घोळ इथेच आहे. आपण बाळ टोपरं-दुपट्यात गुंडाळून फक्त तोंड उन्हात धरतो, तेही पंधरा-वीस मिनिटं. पूर्ण उघडं ठेवावं तर डिसेंबरच्या सकाळी ते गार पडेल, मे महिन्यात आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन भाजतं, बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, शिवाय अल्ट्राव्हायोलेट आहेच. लाइटखाली बाळ फक्त डायपर आणि डोळ्यांच्या पट्टीवर असतं, तासन् तास, दूध पाजण्यापुरतं बाहेर.

बहिणीच्या बाळाचे २४ तासात १३ वर आले. आता कपाळावरचं मशीन चालेल का असं तिने विचारलं, तर नाही, लाइटने त्वचेतला पिवळेपणा आधी जातो म्हणून मशीन कमी दाखवतं, रक्तच घ्यावं लागतं. लाइट बंद केल्यावरही एकदा तपासतात कारण आकडा थोडा परत चढू शकतो.

आणि दोन आठवडे झाले तरी पिवळेपणा असेल, शी पांढरट किंवा मातीच्या रंगाची होत असेल, लघवी गडद पिवळी असेल तर ती वेगळी कावीळ, पित्ताची वाट अडलेली असू शकते. तिथे लाइटचा उपयोग नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.